बाळंतपणाआधीच डॉक्टरांनी थांबवलं, तर रजा कोणती आणि कधीपासून?

विश्लेषण : गर्भारपणातील गुंतागुंतीसाठीची एक महिन्याची रजा, तिची कागदपत्रे आणि कार्यालयाला कळवण्याची पद्धत

परतवाड्याच्या एका पतसंस्थेत काम करणारी लिपिक. सातवा महिना लागलेला. शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी टाकून ती अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात नेहमीच्या तपासणीला जाते. बीपी १५० वर १०० निघतो, लघवीत प्रथिने सापडतात. डॉक्टर थोडा वेळ बसवून पुन्हा बीपी घेतात, आकडा तोच. ‘आता कामावर जाणं बंद. आज अमरावतीला डफरीनमध्ये दाखवा,’ असं सांगून हातात रेफर चिठ्ठी देतात. गाडी पन्नास किलोमीटरच्या रस्त्याला लागते तेव्हा घरच्यांच्या मनात बाळ-बाळंतिणीची काळजी असते. तिच्या मनात आणखी एक प्रश्न असतो : बाळंतपणाची रजा आत्ताच सुरू झाली, तर बाळ हातात येईपर्यंत ती संपणार नाही ना?

हे उदाहरण समजावण्यासाठी घेतलेलं आहे, पण पेच नेहमीचा आहे. बहुतेकींना २६ आठवड्यांची प्रसूती रजा ठाऊक असते. तिच्या जोडीला कायद्यात गर्भारपणामुळे आलेल्या आजारासाठी एक महिन्याची वेगळी, पगारी रजा आहे, हे मात्र पुष्कळदा कार्यालयातल्या आस्थापना लिपिकालाही माहीत नसतं. ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. कोणत्या शब्दांत आणि कोणत्या कागदावर मागितली, यावर पुढचा सगळा हिशेब ठरतो.

ही वेगळी रजा कायद्यात कुठे आहे?

मातृत्व लाभ कायदा, १९६१ च्या कलम १० मध्ये ही तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला. आता हीच तरतूद संहितेच्या कलम ६५ च्या पोटकलम ३ मध्ये आहे. गर्भारपण, प्रसूती, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, गर्भपात किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया यांतून आजार उद्भवला आणि त्याचा पुरावा दिला, तर प्रसूती रजेव्यतिरिक्त जास्तीत जास्त एक महिन्याची रजा मिळते. या महिन्याचा मोबदला प्रसूती रजेच्याच दराने, म्हणजे सरासरी रोजच्या वेतनाच्या हिशेबाने द्यावा लागतो.

या वाक्यातले तीन शब्द लक्षात ठेवायचे. ‘व्यतिरिक्त’ म्हणजे हा महिना २६ आठवड्यांतून वजा होत नाही. ‘उद्भवलेला’ म्हणजे आजाराचा गर्भारपणाशी संबंध कागदावर दिसला पाहिजे. ‘पुरावा’ म्हणजे तोंडी सांगणं किंवा नुसती औषधाची चिठ्ठी पुरत नाही.

हे नियम कारखान्यांना आणि दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या दुकानांना व आस्थापनांना लागू आहेत. पतसंस्था, खासगी कार्यालय, मोठं दुकान यांत मोडतात. अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असणं ही प्रसूती लाभाची पात्रता. नुकतीच नोकरी धरलेल्या बाईने हा आकडा आधी तपासावा. जुलैच्या पहिल्या तारखेला लागलेली बाई ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात घरी बसली आणि प्रसूतीपर्यंत परत कामावर गेली नाही, तर तिचे ८० दिवस भरत नाहीत. आपल्या उदाहरणातली लिपिक चार वर्षांपासून नोकरीत आहे, तिला ही अडचण नाही.

तारखांचा हिशेब कसा मांडायचा?

सगळा हिशेब अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मागे मोजायचा. ही तारीख माता व बाल संरक्षण कार्डावर, शेवटच्या पाळीच्या तारखेशेजारी लिहिलेली असते. आपल्या लिपिकेची शेवटची पाळी १३ फेब्रुवारी २०२६ ची. तिच्यात २८० दिवस मिळवले की २० नोव्हेंबर २०२६ ही अपेक्षित तारीख येते.

प्रसूती रजेच्या २६ आठवड्यांपैकी अपेक्षित तारखेआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. २० नोव्हेंबरच्या आठ आठवडे मागे गेलं की २५ सप्टेंबर येतो. त्याआधी प्रसूती रजा सुरूच होऊ शकत नाही. आधीची दोन अपत्यं हयात असतील तर एकूण रजा १२ आठवडे आणि त्यातले आधीचे सहाच आठवडे. त्या बाईला ९ ऑक्टोबरच्या आधी प्रसूती रजा मिळणार नाही.

डॉक्टरांनी थांबायला सांगितलं तो दिवस २१ ऑगस्ट, म्हणजे २७ आठवडे पूर्ण झाले तो शुक्रवार. २२ ऑगस्टपासून २४ सप्टेंबरपर्यंतचे ३४ दिवस प्रसूती रजेच्या बाहेर पडतात. गुंतागुंतीची रजा नेमकी या फटीसाठी उपयोगी पडते. २२ ऑगस्ट ते २१ सप्टेंबर हा एक महिना आजारपणाच्या रजेत गेला. २२, २३ आणि २४ सप्टेंबर हे तीन दिवस तिने आपल्या साठलेल्या रजेतून घेतले. २५ सप्टेंबरला प्रसूती रजा सुरू झाली. ती १८२ दिवसांनी, २५ मार्च २०२७ ला संपेल. एकही दिवस बिनपगारी गेला नाही आणि २६ आठवड्यांना हातही लागला नाही.

हाच हिशेब मांडला नाही तर काय होतं? बाई ‘तब्येत बरी नाही, सुट्टीवर आहे’ एवढंच कळवते. कार्यालय आधी किरकोळ रजा संपवतं, मग साठलेली रजा संपवतं आणि उरलेले दिवस बिनपगारी लावतं. तो एक महिना कायद्यात तसाच पडून राहतो. वर्षभराने कुणी सांगितलं तर हळहळ तेवढी उरते.

महिना आत्ताच वापरायचा की राखून ठेवायचा?

या प्रश्नाचं उत्तर आजार कोणता आहे त्यावर ठरतं. एक महिना ही एकूण मर्यादा आहे. प्रसूतीआधी पूर्ण वापरला तर नंतरच्या दुखण्यासाठी तो उरत नाही. गर्भारपणातला वाढलेला बीपी आणि लघवीतली प्रथिने ही जोडी असेल तर बाळंतपण तारखेच्या आधी करावं लागण्याची शक्यता डॉक्टर सांगतातच. बाळ लवकर जन्मलं आणि नवजात कक्षात राहिलं, तर नंतरच्या दिवसांची किंमत वाढते.

आपल्या लिपिकेच्या खात्यात साठलेली १४ दिवसांची रजा आहे असं धरू. ती आधी वापरली तर २२ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर झाकले जातात. मग ५ ते २४ सप्टेंबर या २० दिवसांपुरतीच गुंतागुंतीची रजा लागते आणि दहाएक दिवस शिल्लक राहतात. उलट बाजूने पाहिलं तर साठलेली रजा ही प्रसूतीनंतर बाळाच्या लसीसाठी, तापासाठीही घेता येते, तिला डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची अट नसते. गुंतागुंतीच्या रजेला आजाराचा पुरावा लागतोच. म्हणून साधा नियम असा : ज्या काळाचा पक्का वैद्यकीय पुरावा आज हातात आहे, त्या काळाला पुराव्याची रजा लावा आणि बिनअटीची रजा मागे ठेवा. बाळ फार लवकर येईल असं डॉक्टर स्पष्ट सांगत असतील तरच उलट क्रमाचा विचार करा.

महिना दोन तुकड्यांत घेता येईल का, हेही विचारलं जातं. कलमात तुकड्यांना बंदी नाही, तशी स्पष्ट परवानगीही लिहिलेली नाही. त्यामुळे उरलेले दिवस हवे असतील तर नवं प्रमाणपत्र जोडून वेगळा अर्ज करावा आणि पहिल्या अर्जात किती दिवस वापरले तो आकडा त्यात लिहावा.

बाळ तारखेआधीच आलं तर?

समजा डफरीनमध्ये बीपी आटोक्यात येईना आणि ११ सप्टेंबरला, ३० आठवड्यांवर, सिझेरियन करावं लागलं. मग प्रसूती रजा २५ सप्टेंबरची वाट पाहत नाही. ती बाळाच्या जन्मदिवसापासून, ११ सप्टेंबरपासून धरली जाते आणि ११ मार्च २०२७ पर्यंत चालते. त्याआधीचे २२ ऑगस्ट ते १० सप्टेंबर हे २० दिवस गुंतागुंतीच्या रजेत जमा होतात.

कागदाची खरी परीक्षा इथे होते. अर्जात फक्त ‘रजा’ लिहिलं असेल, तर लिपिक सहज म्हणू शकतो की प्रसूतीला लागूनच आधीचे २० दिवस बाई गैरहजर होत्या, तेव्हा ते २६ आठवड्यांतच मोजू. मग मार्चऐवजी फेब्रुवारीतच रुजू व्हायचं पत्र येतं. पहिल्याच अर्जात ‘कलम ६५(३) प्रमाणे आजारपणाची रजा’ आणि ‘कलम ६० प्रमाणे प्रसूती रजा’ अशा दोन वेगळ्या ओळी, वेगळ्या तारखांसह लिहिलेल्या असतील, तर ही गल्लत होत नाही.

बाळ लवकर आलं की घरच्यांनी दुसरं छोटं पत्र द्यायचं : पूर्वी कळवलेली २५ सप्टेंबर ही तारीख रद्द समजावी, प्रसूती अमुक तारखेला झाली, रजा त्या दिवसापासून धरावी. सोबत रुग्णालयाचा प्रसूतीचा दाखला किंवा डिस्चार्ज कार्ड.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात काय हवं?

केसपेपरवर ‘बेडरेस्ट’ लिहिलं की झालं, असा समज आहे. रजा मंजूर करणाऱ्याच्या हातात तो कागद गेला की पहिला प्रश्न येतो : कशासाठी, किती दिवस? कायदा आजारासाठी रजा देतो. विश्रांती हा उपचाराचा भाग झाला, आजाराचं नाव नव्हे. म्हणून प्रमाणपत्र मागतानाच डॉक्टरांना सांगावं की हे रजेसाठी हवं आहे आणि त्यात पाच गोष्टी याव्यात.

पहिली, आजाराचं नाव आणि तो गर्भारपणामुळे उद्भवल्याचा स्पष्ट उल्लेख. ‘उच्च रक्तदाब’ एवढंच लिहिलं तर तो जुनाच आजार आहे असं कुणी म्हणेल. ‘गर्भारपणामुळे उद्भवलेला उच्च रक्तदाब’ लिहिलं की वाद संपतो. दुसरी, तपासणीच्या दिवशी किती आठवडे पूर्ण झाले ते आणि अपेक्षित प्रसूतीची तारीख. तिसरी, काम करता येणार नाही तो काळ, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखांसह. ‘प्रसूतीपर्यंत विश्रांती’ ही मुदत मोघम आहे. दोन आठवड्यांची तारीख घालून पुढच्या तपासणीला नवं प्रमाणपत्र घेणं बरं. चौथी, डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. पाचवी, प्रमाणपत्राची स्वतःची तारीख. ती रजेच्या पहिल्या दिवसाच्या फार नंतरची असली की संशय घेतला जातो.

अचलपूरच्या रुग्णासाठी आणखी एक अडचण असते. तपासणी एका गावात, भरती दुसऱ्या गावात. २१ ऑगस्टचा केसपेपर आणि रेफर चिठ्ठी अचलपूरची, २१ ते २७ ऑगस्टचं डिस्चार्ज कार्ड अमरावतीचं, पुढची तपासणी कदाचित परतवाड्याच्या खासगी डॉक्टरांकडे. तीन ठिकाणच्या कागदांत दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत : नाव आणि अपेक्षित तारीख. कार्डावर माहेरचं नाव आणि नोकरीत सासरचं, किंवा आधार कार्डावर तिसरंच, असं सर्रास असतं. भरती होतानाच आधार कार्डाप्रमाणे नाव लिहून घ्यावं.

अपेक्षित तारीख बदलण्याचा घोळ सोनोग्राफीमुळे होतो. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या वाढीवरून येणारी तारीख आठवडा-दोन आठवडे पुढे-मागे दिसते. ती बाळाच्या वजनाबद्दल सांगते, दिवसांबद्दल तितकं नाही. दिवस ठरवायला पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी अधिक भरवशाची मानली जाते. डॉक्टरांनी पाळीच्या तारखेवरून किंवा पहिल्या सोनोग्राफीवरून जी एक तारीख ठरवली असेल, तीच प्रत्येक प्रमाणपत्रावर लिहायला सांगावी.

माता व बाल संरक्षण कार्डावर जोखमीच्या गर्भारपणासाठी लावलेलं लाल स्टिकर हे आरोग्य यंत्रणेसाठी असतं. त्याने कार्यालयात रजा मिळत नाही. मात्र आजार कधीपासून लक्षात आला होता, हे दाखवायला कार्डाची झेरॉक्स उपयोगी पडते. रक्त-लघवीचे अहवाल आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट मात्र कार्यालयात देत बसू नये. प्रमाणपत्र आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पुरेशी आहे. मूळ कागद कधीच हातचे सोडू नयेत.

पहिला निरोप कुणी आणि कसा द्यायचा?

भरती झालेल्या दिवशी अर्ज लिहायला कुणाला सुचत नाही आणि तशी गरजही नाही. त्या दिवशी एक मेसेज पुरतो. तो नवऱ्याने, दिराने, कुणीही पाठवावा, पण फोनवर बोलून थांबू नये. फोनचा पुरावा राहत नाही. मेसेज असा असू शकतो :

‘सर, नमस्कार. माझी पत्नी आपल्याकडे लिपिक आहे. गर्भारपणात बीपी वाढल्याने आज २१ ऑगस्टला तिला अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात भरती केलं आहे. डॉक्टरांनी कामावर जाण्यास मनाई केली आहे. उद्यापासून ती येऊ शकणार नाही. रजेचा अर्ज आणि प्रमाणपत्र दोन-तीन दिवसांत आणून देतो. तिच्याकडच्या कपाटाची किल्ली सोमवारी पोचवतो.’

शेवटची ओळ किरकोळ वाटेल. पण पतसंस्थेत रोख, किल्ल्या, पासवर्ड, अर्धवट राहिलेली दैनिक ठेवीची नोंद, या गोष्टींवरूनच साहेबांशी पहिली कुरबुर होते. ती बाजू आधीच मिटवली की रजेचं बोलणं सोपं जातं.

त्यानंतर लेखी अर्ज. तो असा लिहिता येईल :

‘प्रति, मा. व्यवस्थापक,
विषय : गर्भारपणातील आजारपणाची रजा आणि त्यानंतरची प्रसूती रजा.

महोदय, मी आपल्या संस्थेत लिपिक पदावर काम करते. माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख २० नोव्हेंबर २०२६ आहे. गर्भारपणामुळे उद्भवलेल्या उच्च रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मला २२ ऑगस्ट २०२६ पासून काम करण्यास मनाई केली आहे. म्हणून पुढीलप्रमाणे रजा मिळावी.

(१) २२ ऑगस्ट ते २१ सप्टेंबर २०२६ : सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० कलम ६५(३) प्रमाणे आजारपणाची रजा.
(२) २२ ते २४ सप्टेंबर २०२६ : माझ्या खात्यावरील साठलेली रजा.
(३) २५ सप्टेंबर २०२६ पासून २६ आठवडे : कलम ६० प्रमाणे प्रसूती रजा. हीच कलम ६२ प्रमाणे माझी सूचना समजावी.

या काळात मी दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी काम करणार नाही. माझा मोबदला माझ्या बँक खात्यात जमा करावा. माझ्या पश्चात रक्कम घेण्यासाठी मी माझे पती यांना नेमते. प्रसूती लवकर झाल्यास त्याप्रमाणे कळवीन. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड आणि माता व बाल संरक्षण कार्ड यांच्या प्रती जोडल्या आहेत.’

दुसरीकडे काम करणार नाही आणि रक्कम कुणाला द्यायची, ही वाक्यं शोभेची नाहीत. प्रसूती लाभाच्या सूचनेत या दोन्ही गोष्टी कायद्यानेच मागितल्या आहेत. कार्यालयाकडे छापील नमुना असेल तर तोही भरावा, पण वरच्या अर्जासोबत.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घेऊन ती घरी आणावी. ‘ठेवून जा, पाहू नंतर’ असं म्हणून पोच देत नसतील तर वाद घालू नये. परतवाड्याच्या पोस्टातून तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी. ई-मेल असेल तर त्यावरही स्कॅन पाठवावा. सूचना उशिरा दिली म्हणून हक्क जात नाही. गर्भारपणात देता आली नाही तर प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर देण्याची मुभा कायद्यात आहे. उशिराने पैसे अडकतात, हा तोटा मात्र खरा.

पैशांबाबतही वेळ ठरलेली आहे. प्रसूतीपूर्वीच्या काळाचा प्रसूती लाभ गर्भारपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ द्यायचा असतो आणि उरलेला भाग प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. म्हणून प्रसूतीचा दाखला मिळाला की त्याची प्रत लगेच, पुन्हा पोच घेऊन द्यावी.

कामावर जाता येतं, पण उभं राहता येत नाही, तेव्हा?

सगळ्याच गुंतागुंतीत घरी बसावं लागत नाही. रक्त कमी आहे, पायाला सूज आहे, पण टेबलाचं काम जमतं, अशा वेळी महिना खर्च करायची घाई नको. अपेक्षित तारखेच्या आधीचे सहा आठवडे आणि त्याच्या आधीचा एक महिना, या काळात बाईने मागणी केली तर तिला अवजड किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही, असं संहितेचं कलम ५९ सांगतं. आपल्या उदाहरणात हा काळ ९ सप्टेंबरपासून सुरू होतो. त्यासाठी पगार कापता येत नाही. कापड दुकानात दिवसभर उभी राहणारी विक्रेती किंवा जिनिंगमध्ये काम करणारी मजूर, यांना याचा उपयोग अधिक. अट एकच : मागणी लेखी करावी.

ईएसआय किंवा सरकारी नोकरी असेल तर?

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर प्रसूतीचा मोबदला मालकाऐवजी कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं. तिथेही २६ आठवडे आणि गर्भारपणातून आलेल्या आजारासाठी वरचा एक महिना मिळतो. प्रमाणपत्र मात्र ईएसआयच्या दवाखान्यातून किंवा त्यांनी मान्य केलेल्या डॉक्टरांकडून लागतं. खासगी डॉक्टरांचा कागद घेऊन महिनाभराने गेलं तर तो महिना हातचा जातो. महिना पुरला नाही तर ईएसआयचा साधा आजारपणाचा लाभही आहे, पण तो पगाराच्या ७० टक्के दराने मिळतो. म्हणून आधी पूर्ण दराचा महिना, मग ७० टक्क्यांचे दिवस, असा क्रम ठेवावा.

राज्य सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या नोकरीत वेगळे नियम चालतात. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे प्रसूती रजा १८० दिवसांची आहे आणि तिला दुसरी रजा जोडता येते. त्याआधीच्या गुंतागुंतीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा घेतली जाते. ती पूर्ण पगारी असते, पण अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात : ३० दिवस घेतले की खात्यातले ६० गेले. तेव्हा अर्ज करण्याआधी सेवापुस्तकात अर्धवेतनी रजा किती शिल्लक आहे ते पाहून घ्यावं.

‘राजीनामा द्या, नंतर घेऊ परत’ म्हणाले तर?

लहान संस्थेत ही सूचना रागाने येत नाही, आपुलकीने येते. ‘वहिनी, तुम्ही निवांत राहा, बदली माणूस ठेवतो, राजीनामा लिहून द्या म्हणजे कागद नीट राहतो.’ या कागदावर सही केली की वरचा सगळा हिशेब संपतो. रजा नोकरीत असलेल्या बाईला मिळते. या रजेवरच्या गैरहजेरीसाठी तिला काढून टाकणं किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करणं कलम ६८ प्रमाणे बेकायदा आहे. बदली माणूस ठेवायला राजीनाम्याची गरज नसते.

करारावरच्या बाईला दुसरं उत्तर मिळतं : ‘करार ऑक्टोबरात संपतोय, मग रजा कशी?’ याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२३ ला दिलं आहे. दिल्लीतल्या एका रुग्णालयात करारावर असलेल्या डॉ. कविता यादव यांनी १ जून २०१७ पासून प्रसूती रजा मागितली. करार ११ जूनला संपतो म्हणून त्यांना अकराच दिवस मंजूर झाले. पात्रता पूर्ण झाली असेल तर करार संपल्यावरही प्रसूती लाभ पूर्ण काळाचा द्यावा लागतो, असं न्यायालयाने ठरवलं.

तरीही रजा नाकारली किंवा पैसे दिले नाहीत, तर अमरावतीतील कामगार विभागाच्या कार्यालयात निरीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते. तिथे पहिल्यांदा विचारलं जातं : अर्ज कधी दिला, पोच कुठे आहे? २१ ऑगस्टचा तो मेसेज, पोच घेतलेली प्रत, पोस्टाची पावती आणि तारखांचं प्रमाणपत्र एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये असेल, तर तक्रार अर्धी तिथेच सुटते. डफरीनमधून सुट्टी मिळून परत अचलपूरला निघताना औषधांच्या पिशवीसोबत डिस्चार्ज कार्डाच्या तीन झेरॉक्स काढून घ्याव्यात : एक कार्यालयाला, एक पुढच्या डॉक्टरांना आणि एक त्या फोल्डरला.